खुब्याची उंची: ठशाची लांबी गुणिले ४ की ४.९?

नेत्रा_हार्टफर्ड

नमस्कार मंडळी. कनेटिकटमधल्या रॉकी हिलच्या डायनासोर स्टेट पार्कात बाहेरच्या आवारात खऱ्या ठशांवर प्लास्टर ओतून प्रत करू देतात. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ठशाला आतून लावायचं खाद्यतेल आपणच न्यायचं. तशा दोन प्रती माझ्याकडे आहेत. दोन्ही तीन बोटांच्या. मोठी ३६ सेंमी भरते, लहान २८.

आता मंडळाच्या मुलांच्या वर्गात भिंतीवर त्या प्राण्याची खऱ्या मापाची बाह्याकृती काढायची आहे. सुरुवात खुब्यापासून करायची म्हणजे बाकीचं शरीर त्या रेघेवर टांगता येतं. एका ठिकाणी वाचलं की ठशाची लांबी गुणिले ४ म्हणजे खुब्याची जमिनीपासूनची उंची. दुसरीकडे ४.९ दिलं आहे. पहिल्याने १४४ सेंमी येतात, दुसऱ्याने १७६. भिंतीवर हा फरक हातभर दिसतो. कुठला आकडा घ्यावा? आणि दोन प्रतींची सरासरी काढून चालेल का?

गणितज्ञ_सदाशिव

नेत्राताई, दोन्ही सोडा. सरळ गुणाकार हा ढोबळ प्रकार आहे. प्राणी मोठा होतो तसं पाय आणि पाऊल यांचं प्रमाण बदलतं, म्हणून घातांक असलेलं सूत्र वापरायला हवं. मोठ्या मांसाहारी डायनासोरसाठी ते असं, h म्हणजे खुब्याची उंची आणि FL म्हणजे ठशाची लांबी:

```
h = 8.60 × FL^0.85
```

तुमचे ३६ सेंमी म्हणजे ०.३६ मीटर. उत्तर ३.६१ मीटर. म्हणजे तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा प्राणी बराच मोठा होता. भिंत पुरेल ना?

ठसेपाहणी

सदाशिवराव, सूत्र बरोबर आहे, एकक चुकलं. ते सेंटिमीटरसाठी बांधलेलं आहे. नुसत्या गुणाकारात एकक कुठलंही चालतं, लांबी मीटरमध्ये घाला, उंची मीटरमध्ये मिळेल. घातांक आला की ती मुभा संपते. ३६ घालून पाहा, १८१ सेंमी येतील. ३.६१ मीटर खुबा म्हणजे टायरॅनोसॉरसच्या जवळपास गेलात, तेही वीतदीड वीत पावलावर. उत्तर इतकं बिनसलं की आधी एककाकडे बघायचं.

नेत्राताई, तुमच्या प्रश्नात मला गुणकापेक्षा ते ३६ जास्त खटकतात. कुठून कुठपर्यंत मोजलंत? टेप सरळ ताणून धरली होती की प्लास्टरच्या उंचवट्यावरून फिरवली? आणि मागची कड म्हणजे नेमकी कुठली धरली? एवढं सांगा, मग ४ आणि ४.९ कडे वळू.

वऱ्हाडी_खडक

चांगला धागा. आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरचे अवशेष सापडतात. तिथल्या लांबमानेच्या प्राण्याची उंची अशीच काढता येईल का? चौपट केली तर डोकं कुठवर जाईल?

ठसेपाहणी

वऱ्हाडी, दोन गोष्टी. पिसदुऱ्याला लॅमेटा थरांत हाडं मिळतात आणि दगड झालेली विष्ठा मिळते. ही पद्धत ठशाची आहे. जिथे हाड हाती आहे तिथे मांडीचं आणि नडगीचं हाड मोजणं कधीही बरं, ठसा हा नाइलाजाचा मार्ग. दुसरं, गुणाकारातून मिळते ती मांडी जिथे कंबरेच्या हाडात बसते त्या खोबणीची उंची. मान आणि डोकं यांचा तिच्याशी संबंध नाही.

लांबमान्यांचे ठसे असते तरी मागच्या पायाचा ठसा घ्यावा लागला असता, पुढचा नाही. पुढचा लहान, अर्धचंद्रासारखा असतो. त्यांच्यासाठीही कुणी ४ घेतं, कुणी ५.९. एवढा फरक का, तर हत्तीसारख्या पायाखाली मांसल गादी असते. ठशात गादी उमटते, सांगाड्यात ती नसते, आणि ती केवढी धरायची हे ज्याचं त्याचं.

वऱ्हाडी_खडक

अच्छा, म्हणजे कंबर. मी अख्खी उंची समजून बसलो होतो.

नेत्रा_हार्टफर्ड

@ठसेपाहणी, टेप शिवणकामाची आहे, मऊ. मधल्या बोटाच्या टोकापासून उंचवट्यावरून मागे टाचेपर्यंत नेली. टाच म्हणजे प्लास्टरचा फुगवटा जिथे सपाट भागाला मिळतो ती कड. पुढेही तसंच, नखाच्या पुढे एक बारीक शेपटी आहे तिच्या टोकापासून.

ठसेपाहणी

मग ३६ मध्ये तीन ठिकाणी वाढ झाली आहे. एकेक घेऊ, कारण ही चूक सगळेच करतात.

पहिली, टेपची. प्रत ही ठशाची उलटी बाजू. खड्डा होता तिथे तुमच्याकडे उंचवटा आहे, म्हणजे तुम्ही पावलाचा तळवाच वर करून ठेवलाय. त्या उंचवट्यावरून टेप फिरवली की ती कमानीची लांबी मोजते. आपल्याला हवं ते सपाट जमिनीवरचं सरळ अंतर. मऊ टेपने एवढ्या ठशात सेंटिमीटरभर वाढ सहज होते.

दुसरी, कडांची. चिखलात पाय रुततो तेव्हा खड्ड्याच्या भिंती उभ्या राहत नाहीत, बाहेरच्या बाजूला कलतात. चिखलाच्या वरच्या पातळीवर ठसा सगळ्यात मोठा असतो आणि तळाशी पावलाएवढा. तुम्ही जी कड धरलीत, उंचवटा सपाटीला मिळतो ती, ती वरची पातळी आहे. पाहिजे ती तळाची. प्रतीवर ती सापडवायची रीत अशी: खोलीत अंधार करा, विजेरी टेबलाच्या पातळीवर आडवी धरा आणि प्रत तिच्यासमोर हळूहळू फिरवा. तळव्याचा जवळजवळ सपाट भाग संपून उतार जिथे सुरू होतो तिथे सावलीची धार येते. त्या धारेवर खडूने खुणा करत जा. समोरून दिवा असला की ही धार दिसतच नाही.

तिसरी, ती शेपटी. ती नखाची खूण नाही, पाऊल उचलताना नख चिखलातून ओढलं गेलं त्याची चर आहे. ती कापून टाकायची. नख जिथे प्रत्यक्ष रुतलं तिथे खोल, टोकदार खाच असते आणि तिथून पुढे चर उथळ होत जाते. खाच संपली तिथे थांबा. खाच स्वतः लांबीत धरायची की नाही यावर लोकांचं एकमत नाही. मी धरतो. तुम्ही नाही धरलीत तरी चालेल, पण दोन्ही प्रतींना नियम एकच लावा आणि कागदावर लिहून ठेवा.

आता मोजणी. मधल्या बोटाच्या मध्यावरून एक सरळ रेघ मागपर्यंत ओढा. पुढच्या टोकाला आणि मागच्या कडेला त्या रेघेशी काटकोनात गुण्या ठेवा आणि दोन गुण्यांमधलं अंतर पोलादी पट्टीने घ्या. मागची कड रेघेवरच असेल असं नाही. या जातीच्या ठशात बहुतेक वेळा ती एका बाजूला असते, कारण सगळ्यात मागे उमटते ती बाहेरच्या बोटाच्या बुडाची गादी. त्यावरून ठसा डाव्या पायाचा की उजव्या हेही कळतं.

प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगतं, पण ३६ सेंमीला फार तर मिलिमीटरभर. ते विसरा.

गणितज्ञ_सदाशिव

एककाची चूक कबूल. पण म्हणून सूत्र वाईट ठरत नाही. १८१ हा आकडा ४.९ पटीच्या १७६ शी जुळतो, १४४ शी नाही. मग ४ चूकच ना? एवढी साधी पट आली कुठून?

ठसेपाहणी

४ आली १९७६ मध्ये, मॅकनील अलेक्झांडर यांच्या वेगाच्या सूत्राबरोबर. त्यांना ठशांच्या मागावरून वेग काढायचा होता. ढांग मागावर मोजता येते, पण तीच ढांग बुटक्याची पळापळ असेल किंवा उंचाची सावकाश चाल, म्हणून खुब्याची उंची हवी. सांगाडे तपासून त्यांनी पाहिलं की पावलाची लांबी खुब्याच्या उंचीच्या साधारण पाव असते. पाव, म्हणून उलटं चौपट. त्यांना गरज तेवढ्याच अचूकतेची होती.

पुढे टोनी थुलबॉर्न यांनी गट पाडले. लहान मांसाहाऱ्यांना ४.५, मोठ्यांना ४.९, दोन पायांवर चालणाऱ्या लहान शाकाहाऱ्यांना ४.८ आणि मोठ्यांना ५.९. लहान-मोठ्याची सीमा ठशाची २५ सेंमी. तुम्ही दिलेलं घातांकाचं सूत्रही त्यांचंच. म्हणजे तुमचे १८१ आणि १७६ हे दोन स्वतंत्र साक्षीदार नाहीत, एकाच घरातले दोघे आहेत. त्यांचं जुळणं हा ४ विरुद्धचा पुरावा होत नाही.

आता ती २५ ची सीमा जवळून बघा. मापं सेंटिमीटरमध्ये:

```
FL = 24.9   4.5 × FL = 112    3.06 × FL^1.14 = 119.5
FL = 25.1   4.9 × FL = 123    8.60 × FL^0.85 = 133
FL = 25.0   4.0 × FL = 100
```

ठशात दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे खडूच्या रेघेची जाडीही नाही, आणि उंची ११ ते १४ सेंमीने उडी मारते. कुठल्याही प्राण्याचा पाय एका वाढदिवसाला असा उंचावत नाही. दोन गटांना दोन वेगळ्या रेषा बसवल्या आणि त्या मध्ये जुळल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. २३ ते २७ सेंमीच्या ठशांना ही सूत्रं लावताना दोन्ही बाजूंची उत्तरं काढून बघावीत.

आणि ४ मेली म्हणावं तर तसंही नाही. २००३ मध्ये डोनाल्ड हेंडरसन यांनी दोन पायांच्या डायनासोरांची संगणकी प्रारूपं चालवून दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. साधी चौपट त्यात घातांकाच्या सूत्रांपेक्षा कमी पडली नाही.

गणितज्ञ_सदाशिव

हे मात्र पटत नाही. प्रारूपात पाय किती वाकवायचा हे प्रारूप करणाराच ठरवतो. गुडघा जरा जास्त वाकवला की खुबा खाली येणार आणि ४ बरोबर ठरणार.

ठसेपाहणी

रास्त शंका आहे, आणि नेमक्या जागी बोट ठेवलंत. मांडी, नडगी आणि पावलाचं लांब हाड यांची नुसती बेरीज केली तर पाय ताठ धरल्यासारखी उंची येते. चालताना प्राणी तसा नसतो, सांधे वाकलेले असतात. किती वाकलेले, हे ठसा सांगत नाही. ४ आणि ४.९ मधल्या भांडणाचा बराचसा भाग हाच आहे. माझा कल खालच्या बाजूला आहे, पण त्याला कल म्हणा, निकाल नको.

टेक्सासकर

मध्येच माझं घुसडतो. ग्लेन रोझला पॅलक्सी नदीच्या पात्रात, डायनासोर व्हॅली स्टेट पार्कात, पाणी उतरलं की ठसे उघडे पडतात. एका ठशाची लांबी मी ६१ सेंमी घेतली आहे, गुण्या लावून, सरळ. ४.९ ने तीन मीटर होतात. तिथला प्राणी अ‍ॅक्रोकँथोसॉरस किंवा त्याच्यासारखा असावा असं म्हणतात. पण त्याच भागातले दुसरे ठसे ४२-४५ चे आहेत. मग हा त्यांचा बाप म्हणायचा का?

ठसेपाहणी

बाप नसावा. हा ठसा मागे निमुळता होत गेलाय का? तीन बोटं पुढे, आणि मागे एखाद्या बुटाच्या तळासारखी लांबट पट्टी?

टेक्सासकर

हो, अगदी तसाच. फोटोत पट्टी उथळ दिसते, बोटं खोल.

ठसेपाहणी

मग तुम्ही पावलाबरोबर नडगीच्या खालचं लांब हाडही मोजलंत.

हे प्राणी बोटांवर चालत. आपण ठशात जिला टाच म्हणतो ती टाच नाहीच, बोटांच्या बुडाची गादी आहे. खरा घोटा तिच्या वर, हवेत. कोंबडीकडे बघा, आपण जो उलटा वाकलेला गुडघा समजतो तो तिचा घोटा असतो. पण कधी कधी, चिखल फार मऊ असला की किंवा प्राणी दबकून चालला की, घोट्यापर्यंतचं ते हाडही चिखलाला टेकतं आणि ठशामागे लांब पट्टी उमटते. पॅलक्सीत असे ठसे बरेच आहेत. बोटांच्या जागी गाळ भरून ती बुजली की उरते फक्त लांबट पट्टी, आणि तीच माणसाच्या राक्षसी पावलाची म्हणून कित्येक वर्षं दाखवली गेली.

४ असो, ४.९ असो, सगळे गुणक बोटांवर टेकलेल्या पावलासाठी आहेत. म्हणून पट्टी वगळा. बोटांच्या मागे ठसा एकदम अरुंद होतो त्या जागी आडवी रेघ मारा आणि तिथपर्यंतच मोजा. माझा अंदाज, ४२ च्या आसपास येईल आणि शेजारच्या ठशांशी जुळेल. मग ४ ने १६८, ४.९ ने २०६. तीन मीटर कुठे नि हे कुठे.

शंका आली तर त्याच मागातला पुढचा-मागचा ठसा बघा. एकाच प्राण्याचं पाऊल दोन ढांगांत वीतभर वाढत नाही. एक लांब आणि त्याच्या शेजारचा आखूड असेल तर लांबाने हाड टेकवलंय.

मीनल_ताम्हणकर

वाचतेय. एक भाबडा प्रश्न: कोंबडीवरच का पडताळून बघू नये? ठसाही मिळतो, कोंबडीही मिळते. मुलांना करायला छान.

ठसेपाहणी

करायला हरकत नाही, पण दोन अडचणी. कोंबडीचं मागचं बोट जमिनीला टेकतं, ते लांबीतून वगळावं लागतं. मुलं हमखास धरतात. आणि पक्ष्यांची मांडी पिसांच्या आत जवळजवळ आडवी असते. कोंबडी चालताना पाय गुडघ्यातून हलवते, मांडी फारशी हलत नाही. लांब शेपटीच्या डायनासोरांची मांडी बरीच उभी होती. म्हणून हाडांच्या मानाने कोंबडीचा खुबा खाली बसतो. कोंबडीवर पट काढली तर ती कोंबडीची पट मिळेल, रॉकी हिलच्या प्राण्याची नाही. मापं घ्यायची सवय म्हणून मात्र उत्तम, कारण तिथे खरा चिखल किती फसवतो हे दिसतं.

मीनल_ताम्हणकर

मागचं बोट! मी धरलंच असतं.

नेत्रा_हार्टफर्ड

विजेरीने पुन्हा मोजलं. मोठी प्रत आता ३३.० आणि लहान २६.१. चर वगळली, खाच धरली. मोठ्या प्रतीवर मधल्या बोटाच्या तीन गाद्या वेगळ्या दिसतात. लहान प्रतीत बोटं गोलसर आहेत, गाद्या नाहीत, आणि भोवती चिखल वर आलेला वाटतो.

मूळ प्रश्न राहिलाच: सरासरी?

ठसेपाहणी

नाही. सरासरी एकाच मागातल्या ठशांची काढतात, कारण तिथे प्राणी एक असतो आणि चुका वेगवेगळ्या. तुमच्या दोन प्रती एकाच प्राण्याच्या आहेत याला आधार नाही. दोन माणसांच्या चपलांची सरासरी काढून तिसऱ्याची उंची काढल्यासारखं होईल.

शिवाय लहान प्रतीवर माझा भरवसा कमी. गाद्या उमटलेल्या नाहीत, बोटं गोल आहेत, म्हणजे एक तर चिखल फार ओला होता, नाहीतर तो खालच्या थरातला ठसा आहे. पाय वरच्या थरावर पडतो, दाब खाली पोचतो आणि खालच्या थरांतही मऊ, पसरट ठसा तयार होतो. वरचा थर झिजून गेला की तो खालचाच आपल्याला दिसतो. त्याची लांबी पावलाएवढी असेलच असं नाही. मोठ्या प्रतीत गाद्या आहेत, तिथे पायाची कातडी प्रत्यक्ष टेकली होती. भिंतीसाठी तीच घ्या. लहान प्रत २५ च्या उडीच्या इतकी जवळ आहे की तेही नको.

३३ चा हिशेब:

```
4.0 × 33       = 132
4.9 × 33       = 162
8.60 × 33^0.85 = 168
```

तुमच्या पहिल्या ३६ वर ४.९ ने १७६ आले होते. म्हणजे नुसत्या मोजणीच्या दुरुस्तीने १४ सेंमी उतरले. गुणक बदलून मिळतो त्याच्या जवळपास निम्मा फरक टेप आणि कडांनी पाडला होता.

अनय_प

वेग काढायचा झाला तर हा ३० सेंमीचा फरक कितपत बोचतो?

ठसेपाहणी

नेत्राताईंकडे ढांग नाही, एकेकटे ठसे आहेत, तेव्हा वेग त्यांना मिळणार नाही. तरी नमुन्यादाखल समजा, त्याच पायाच्या एका ठशापासून त्याच पायाच्या पुढच्या ठशापर्यंत २ मीटर आहेत. अलेक्झांडर यांचं सूत्र, v म्हणजे वेग, g गुरुत्वत्वरण, S ढांग, h खुब्याची उंची, मापं मीटर आणि सेकंदात:

```
v = 0.25 × g^0.5 × S^1.67 × h^-1.17
h = 1.32  ->  v = 1.8
h = 1.62  ->  v = 1.4
```

तासाला साडेसहा किलोमीटर आणि पाच किलोमीटर. खुबा उंच धरला की वेग उतरतो, हे ध्यानात असू द्या, बरेच जण उलट समजतात. ढांग भागिले खुबा दोन्ही वेळा २ च्या खाली राहते, तेव्हा प्राणी चालत होता हे दोन्हीकडे सारखंच. पळणाऱ्या प्राण्याच्या मागावर मात्र हाच फरक बातमीचा मथळा बदलतो.

आणि सूत्राचा भाबडेपणा वेगळाच. २०२५ मध्ये गिनीफाउल पक्ष्यांना चिखलातून चालवून ठशांवरून वेग काढला, तर तो त्यांच्या खऱ्या वेगापेक्षा बहुतेक वेळा जास्त आला. म्हणून मी मीटर-सेकंदाच्या दुसऱ्या दशांशाकडे बघतही नाही.

गणितज्ञ_सदाशिव

एक बाजू राहिली. गुणक निवडण्याआधी प्राणी मांसाहारी की शाकाहारी हे कसं ठरवायचं? ४.९ आणि ५.९ मध्ये तर याहून मोठी दरी आहे.

ठसेपाहणी

रॉकी हिलला ही अडचण कमी. ते ठसे युब्रॉंटिस नावाने ओळखले जातात, १९९१ पासून कनेटिकटचा राज्य-जीवाश्म. ज्युरासिकच्या सुरुवातीचे, साधारण २० कोटी वर्षांपूर्वीचे. हाडं तिथे मिळालेली नाहीत, म्हणून प्राण्याचं नाव ठामपणे घेता येत नाही. अ‍ॅरिझोनातला डायलोफोसॉरस हा आकाराने जुळणारा उमेदवार म्हणून पुढे केला जातो. पण लांब, निमुळती बोटं, टोकदार नखं आणि रुंदीपेक्षा जास्त लांबी यावरून मांसाहारी हे बहुतेकांना मान्य आहे.

जिथे हे मान्य नसतं तिथे काय होतं ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लार्क क्वारीत बघा. तिथल्या अकरा मोठ्या ठशांच्या मागाला थुलबॉर्न आणि मेरी वेड यांनी मोठा मांसाहारी म्हटलं, आणि लहान प्राण्यांचा कळप त्याला भिऊन धावला अशी मांडणी केली. २०११ मध्ये रोमिलिओ आणि सॅलिसबरी यांनी तोच माग शाकाहाऱ्याचा ठरवला. हिशेबापुरती ठशाची लांबी ५० धरा: ४.९ ने २४५, ५.९ ने २९५. ठसा तोच, पट्टी तीच, खुबा अर्ध्या मीटरने वर. थुलबॉर्न यांना ते मान्य झालं नाही.

आणि गंमत बघा, चौपट वापरली की हा वाद उंचीवर परिणामच करत नाही. दोघांनाही २००. जात अनिश्चित असताना मी चौपटीकडे वळतो त्याचं हे एक कारण.

गणितज्ञ_सदाशिव

वाद झाकला जातो म्हणून पट चांगली, हे काही गणित नाही. दोघांना २०० देणारं सूत्र निदान एकाबाबतीत चुकणारच.

ठसेपाहणी

कदाचित दोघांबाबतीतही. पण माझी चूक किती हे मला लिहून दाखवता येतं. जात चुकून ५.९ ने गुणलं तर चूक दिसतही नाही.

नेत्रा_हार्टफर्ड

तुमचं चालू द्या, मला भिंत रंगवायची आहे. एका रेघेऐवजी १३२ ते १६२ असा पट्टा फिक्या रंगात काढते, १६८ ची बारीक तुटक रेघ वर. आकृतीचा खुबा १४५ ला ठेवला तर?

ठसेपाहणी

चालेल. फक्त गुडघा ताठ काढू नका. खुबा १४५ ला आणि पाय सरळ काठीसारखा असला तर तुम्ही चित्रात १४५ ची बेरीज केलीत, चाल नाही. मांडी थोडी पुढे, घोटा मागे, आणि बोटांच्या बुडापासून टोकापर्यंत बरोबर ३३ सेंमी. मुलांना प्रत पायाखाली धरून पाहता येईल.

वऱ्हाडी_खडक

डोकं पण काढा ताई, नाहीतर माझ्यासारखे पट्ट्यालाच उंची समजतील.

टेक्सासकर

फोटोवर मोजपट्टी होती, तिच्यावरून पट्टी वगळून काढलं. ४३.५ येतात. पण बोटांमागे अरुंद होण्याची जागा एका बाजूला स्पष्ट आहे, दुसऱ्या बाजूला गाळाने भरलेली. तिथे दोन सेंमी इकडे-तिकडे होऊ शकतं. पाणी उतरल्यावर शेजारचे चार ठसेही घेतो, मग त्या मागाची सरासरी इथे टाकतो.

ठसेपाहणी

चारही घ्या, पण सरासरीऐवजी मधला आकडा बघा. त्यातला एखादाही लांब पट्टीवाला निघाला तर सरासरी त्याच्या मागे जाईल. आणि प्रत्येक ठशापुढे गाद्या दिसतात की नाही हे एका शब्दात लिहा.